समर टूर्नामेंट २०२६: नोंदणीच्या कॅप्शनच्या प्रकल्प नोंदी

१४ मार्च २०२६, शनिवार

क्लबच्या मीटिंगमध्ये उन्हाळी स्पर्धेचं पक्कं झालं. आझाद मैदानावरच्या आपल्या प्लॉटवर, सीझन बॉलवर, २० ओव्हर्सचे सामने. वयोगट दोन: १४ वर्षांखालील आणि १६ वर्षांखालील. प्रत्येक गटात आठ संघ. सरांना १२ वर्षांखालीलही हवा होता, पण प्लॉट एक आणि विकेट एक. तिसरा गट बसवायचा तर दिवसाला तीन सामने लावावे लागतील आणि मधला सामना ऐन बाराच्या उन्हात येईल. लहान पोरांना त्या उन्हात उभं करायचं नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

नोंदणीची पोस्ट आणि तिची कॅप्शन माझ्याकडे आली आहे. पोस्टर दुसरा मुलगा करतोय. कॅप्शन म्हणजे चार ओळींचं काम असं मीटिंगमध्ये सगळे म्हणत होते, पण त्या चार ओळींत लिहिलेलं पुढे क्लबला पाळावं लागतं. वय, फी आणि शेवटची तारीख या तीन गोष्टी लिहायच्या आधी त्यांच्यामागचा हिशेब पक्का हवा. म्हणून या नोंदी.

१७ मार्च, मंगळवार

आज फक्त वयोगट घेतला, कारण फोन सगळ्यात जास्त त्यावरूनच येतात.

पोस्टरवर ‘१४ वर्षांखालील’ एवढंच छापलं तर प्रत्येक जण आपापल्या सोयीची तारीख धरतो. कुठल्या दिवशी १४ च्या खाली? स्पर्धा मे महिन्यात आहे आणि मे हा दोन सीझनच्या मधला महिना. बीसीसीआयच्या वयोगटांच्या स्पर्धांत वय १ सप्टेंबरच्या हिशेबाने धरतात. त्यामुळे आपल्यासमोर तीन रस्ते आहेत. संपत आलेल्या सीझनची तारीख धरली, तर जन्म १ सप्टेंबर २०११ किंवा त्यानंतरचा हवा. येणाऱ्या सीझनची धरली, तर १ सप्टेंबर २०१२ किंवा त्यानंतरचा. आणि स्पर्धेच्या पहिल्या दिवशीचं वय मोजलं, तर तिसरंच उत्तर येतं.

दोन मुलं समोर ठेवून पाहिलं. एकाचा जन्म २० ऑक्टोबर २०११ चा. मे २०२६ मध्ये तो साडेचौदा वर्षांचा असेल. जुन्या सीझनच्या तारखेने तो १४ वर्षांखालील गटात बसतो, बाकी दोन्ही हिशेबांनी बसत नाही. दुसऱ्याचा जन्म १५ जून २०१२ चा. स्पर्धेच्या वेळी तो अजून तेराच वर्षांचा आहे, चौदा पूर्ण व्हायला महिना बाकी. तरीही नव्या सीझनच्या तारखेने तो या गटातून बाहेर, कारण १ सप्टेंबरच्या आधी त्याला चौदा पूर्ण होतात. त्याचे वडील फोन करून म्हणणारच, ‘अहो, मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि तुम्ही त्याला चौदाखाली घेत नाही?’ त्यांचंही चुकीचं नाही. पोस्टरवर नुसतं वय लिहिलं असेल तर ते बरोबरच विचारतायत.

म्हणजे वयोगटाच्या नावापुढे जन्मतारीख आलीच पाहिजे. आता ती कुठली, हे रविवारी ठरेल.

१९ मार्च, गुढीपाडवा

काम नाही. फक्त क्लबच्या तंबूसमोर नवीन स्टंप्सची पूजा झाली, तेव्हा सेक्रेटरींना रविवारच्या मीटिंगची आठवण करून दिली.

२२ मार्च, रविवार

तारखेवर बराच वेळ गेला. सरांचं म्हणणं जुन्या सीझनच्या बाजूने. शाळांचे संघ वर्षभर त्या तारखेवर खेळलेत, जाईल्स शिल्डला एकत्र उतरलेली मुलं आपण मे महिन्यात दोन गटांत फोडायची का? शाळेचा संघ एकसंध येतो, क्रीडाशिक्षकाला अकरा मुलं गोळा करायची धावपळ करावी लागत नाही. मुद्दा वजनदार आहे.

माझं मत नव्या सीझनच्या बाजूने आहे आणि मी ते मांडलं. जूनपासून हीच मुलं पुढच्या वर्षाच्या निवडीच्या तयारीला लागतात, तेव्हा त्यांचा गट नव्या तारखेने ठरलेला असतो. शिवाय या वयात वर्षभराचा फरक फार मोठा असतो. साडेचौदा वर्षांचा, खांदे भरलेला वेगवान बॉलर आणि त्याच्यासमोर बाराव्या वर्षातला ओपनर, दोघंही ‘१४ वर्षांखालील’. आझाद मैदानाच्या एप्रिल-मे महिन्यातल्या कोरड्या, टणक विकेटवर बॉल छातीच्या वर येतो. मला तो सामना नको आहे.

स्पर्धेच्या पहिल्या दिवशीचं वय मोजायचा रस्ता लगेच बाद झाला. प्रत्येक क्लबची स्पर्धा वेगळ्या दिवशी सुरू होते. मग एकच मुलगा एकाच मे महिन्यात एका मैदानावर १४ खाली आणि दुसऱ्या मैदानावर १६ खाली ठरतो.

ठरलं: १४ वर्षांखालील गटासाठी १ सप्टेंबर २०१२, १६ वर्षांखालील गटासाठी १ सप्टेंबर २०१०. जून २०१२ मध्ये जन्मलेल्या त्या मुलाला आता १६ च्या गटात खेळावं लागेल आणि समोर साडेपंधरा वर्षांची मुलं असतील, ही या निर्णयाची किंमत आहे. सरांनी ती बोलून दाखवली आणि ती खरी आहे. अपवाद मात्र एकालाही नाही. एकाला दिला की दुसऱ्या दिवशी दहा पालक तंबूसमोर उभे राहतात.

शब्दरचना अशी धरली आहे: ‘जन्म १ सप्टेंबर २०१२ रोजी किंवा त्यानंतर’. नुसतं ‘नंतर’ लिहिलं तर बरोबर १ सप्टेंबरला जन्मलेला मुलगा अधांतरी राहतो, आणि असा एखादा मुलगा निघतोच.

२४ मार्च, मंगळवार

कागदपत्रांची ओळ. स्कोअररकाका म्हणाले, ‘आधार कार्ड आणा म्हणून टाक, सगळ्यांकडे असतं.’ असतं खरं, पण जन्मतारखेचा पुरावा म्हणून त्यावर विसंबता येत नाही. यूआयडीएआयनेच हे स्पष्ट केलं आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये ईपीएफओनेही जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढलं. कार्ड काढताना सांगितलेली तारीख त्यावर येते. कित्येक जुन्या कार्डांवर तर फक्त जन्मवर्ष असतं. आपली मर्यादा १ सप्टेंबरची. नुसतं २०१२ वाचून त्या मुलाचं काय करायचं?

म्हणून जन्माचा दाखलाच मागायचा. तो हातात आला की दोन तारखा बघायच्या: जन्माची आणि नोंदणीची. कायद्याने जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. जन्म २०१२ चा आणि नोंदणी २०२० ची, असा दाखला दिसला तर तो लगेच खोटा ठरत नाही. उशिराच्या नोंदीला खरी कारणं असतात. गावी, घरी झालेली बाळंतपणं असतात. पण अशा वेळी शाळेच्या पहिल्या प्रवेशाच्या वेळची जन्मतारीख दाखवणारं बोनाफाइडही मागायचं आणि दोन्ही जुळतात का पाहायचं. बीसीसीआय १६ वर्षांखालील मुलांसाठी मनगटाच्या हाडाचा एक्सरे काढून वय तपासतं. आपल्या क्लबला ते शक्य नाही, तेव्हा कागद नीट वाचणं एवढंच आपल्या हातात आहे.

आणखी एक ठरवलं. मुलांच्या दाखल्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागायचे नाहीत. पंधरा मुलांची जन्मतारीख, आईवडिलांची नावं, पत्ता हे सगळं कोणाच्या तरी फोनमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतं. पहिल्या सामन्याआधी संघाच्या मॅनेजरने मूळ दाखले तंबूत दाखवायचे, यादीवर टिक करायची, दाखले तिथेच परत. याला थोडा वेळ लागेल, म्हणून संघांना सामन्याच्या पाऊण तास आधी बोलवायचं.

२७ मार्च, शुक्रवार

फीचा हिशेब. आज सेक्रेटरी आणि मी वही घेऊन बसलो.

एका सामन्याचा खर्च आधी काढला. दोन अंपायर प्रत्येकी ८००, म्हणजे १,६००. स्कोअरर ६००. प्रत्येक डावाला नवा बॉल, दोन बॉलचे १,०००. माळी, पाणी, बर्फ आणि प्रथमोपचार मिळून ८००. बेरीज ४,०००. ट्रॉफ्या आणि मेडल्स क्लबच्या एका जुन्या खेळाडूने द्यायचं कबूल केलं आहे, ते यात धरलं नाही.

आता सामने किती, यावर फी ठरते. सरळ नॉकआउट ठेवलं तर आठ संघांत सात सामने, २८,००० खर्च, संघामागे ३,५०० रुपये. स्वस्त आहे, पण चार संघ पहिल्याच फेरीत घरी जातात. विरार-पनवेलहून पहाटेची लोकल पकडून आलेली पोरं, त्यातल्या काहींना बॅटिंगही मिळालेली नसते. दुसरीकडे चार-चारचे दोन गट करून लीग खेळवली, तर बारा साखळी सामने, दोन सेमी आणि फायनल असे पंधरा होतात. खर्च ६०,०००, संघामागे ७,५००. पालिकेच्या शाळेच्या संघाला एवढे कुठून जमणार? शिवाय दोन गटांचे मिळून तीस सामने आपल्या प्लॉटवर मावतही नाहीत.

मधला रस्ता कप आणि प्लेटचा. पहिल्या फेरीत हरलेले चार संघ आपसात प्लेट खेळतात: दोन सेमी आणि एक फायनल. म्हणजे कपचे सात, प्लेटचे तीन, एकूण दहा सामने. खर्च ४०,०००, संघामागे ५,०००. प्रत्येक संघाला किमान दोन सामने मिळतात. पंधरा जणांच्या संघात विभागले तर मुलामागे ३३३ रुपये पडतात. सेक्रेटरींनी वही बंद केली आणि म्हणाले, ‘हेच.’

कॅप्शनमध्ये ‘एंट्री फी ५,०००’ असं सुटं लिहायचं नाही, कारण पालकांना ती मुलामागे वाटते आणि ते घाबरतात. ‘प्रति संघ’ हवं, संघात जास्तीत जास्त पंधरा हवं, आणि लागूनच दोन सामन्यांची हमी हवी. पैसे कशाचे, हे त्याच ओळीत कळलं पाहिजे.

पैसे क्लबच्या बँक खात्याच्या क्यूआरवरच, कोणाच्याही वैयक्तिक नंबरवर नाही. शेरा लिहिण्याच्या जागी संघाचं नाव आणि गट टाकायला सांगायचं. नाहीतर पैसे एखाद्या खेळाडूच्या काकांच्या नावाने जमा होतात आणि ते कुठल्या संघाचे, हे शोधत बसावं लागतं.

३० मार्च, सोमवार

शेवटची तारीख मागून मोजत आणली.

मागचं टोक पावसाचं. मुंबईत मोसमी पावसाची सरासरी तारीख ११ जून, पण २०२५ साली तो २६ मेलाच येऊन धडकला. म्हणून फायनल मेच्या तिसऱ्या आठवड्यातच उरकायची. दोन गटांचे वीस सामने, दिवसाला दोन: सकाळी ७ चा आणि दुपारी ३:१५ चा. दहा दिवस लागतात. सुरुवात सोमवार ११ मे, शनिवार १६ पर्यंत सहा दिवस. रविवारी १७ ला प्लॉट ऑफिसच्या सामन्यांना दिलेला आहे. मग १८ ते २१ चार दिवस. २२ आणि २३ राखीव.

पुढचं टोक पालकांचं. परीक्षा संपली की निम्मी पोरं कोकणात आजीकडे जातात, आणि परतीची तिकिटं स्पर्धेच्या तारखा कळल्याशिवाय काढता येत नाहीत. ड्रॉ ३ मेच्या रविवारी तंबूत, सगळ्या मॅनेजरांसमोर. त्याआधी पैसे खात्यात आलेत का ते पाहणं, अर्धवट यादी दिलेल्यांना फोन करणं, यासाठी आठवडाभर हवा. म्हणून शेवटची तारीख शनिवार २५ एप्रिल.

वेळ सायंकाळी ६. ‘रात्री १२ पर्यंत’ लिहिलं की २५ च्या आधीची रात्र की नंतरची, यावरून वाद होतो. सहा वाजता तंबूत माणूस असतो, रोख पैसे घेऊन आलेल्या शिक्षकालाही पावती मिळते. तारखेबरोबर वार आणि वर्ष दोन्ही लिहायचं. वर्ष यासाठी की पोस्टर फॉरवर्ड होत राहतात आणि पुढच्या एप्रिलमध्येही कोणीतरी हाच पोस्टर पाहून फोन करेल.

आणि आठ संघ आधीच झाले तर? मग शेवटच्या तारखेला अर्थ उरत नाही. पैसे जमा झाल्याच्या क्रमाने पहिले आठ, त्यानंतरचे प्रतीक्षा यादीत, हे स्पष्ट लिहायचं.

२ एप्रिल, गुरुवार

मसुदा तयार करून १४ च्या गटातल्या एका मुलाच्या आईला वाचायला दिला. त्या नोकरीवरून येताना लोकलमध्ये एका हाताने फोन धरून वाचतात, तशाच वाचायला सांगितलं. इन्स्टाग्रामवर कॅप्शनच्या पहिल्या दोन ओळीच दिसतात, बाकीचं ‘more’ दाबल्यावर. मी वर क्लबची ओळख आणि स्पर्धेचं हे कितवं वर्ष ते लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, ‘दादा, तारीख कुठे आहे? मला खाली जावंच लागलं.’ आता शेवटची तारीख आणि जन्मतारखा सगळ्यात वर आल्या आहेत. क्लबची ओळख पूर्ण काढली. पोस्टरवर क्लबचं बोधचिन्ह आहे, तेवढं पुरे.

त्यांनीच विचारलं, ‘मुली खेळू शकतात का?’ सरांना फोन लावला. मुलगी संघात असेल तर हरकत नाही, जन्मतारखेची अट तीच. ती ओळही आली.

कॅप्शनमधली लिंक इन्स्टाग्रामवर दाबता येत नाही, म्हणून फॉर्मची लिंक प्रोफाइलमध्ये आणि पोस्टरवर फॉर्मचा क्यूआर. व्हॉट्सॲपवर पोस्टर पुढे जातो आणि कॅप्शन मागे राहते, त्यामुळे जन्मतारखा, फी आणि शेवटची तारीख पोस्टरवरही छापायला सांगितलं.

४ एप्रिल, शनिवार

पोस्ट केली. अंतिम कॅप्शन:

> नोंदणीची शेवटची तारीख: शनिवार, २५ एप्रिल २०२६, सायं. ६
> १४ खालील: जन्म १ सप्टेंबर २०१२ रोजी किंवा त्यानंतर
> १६ खालील: जन्म १ सप्टेंबर २०१० रोजी किंवा त्यानंतर
>
> समर टूर्नामेंट, आझाद मैदान, ११ ते २१ मे २०२६. सीझन बॉल, २० ओव्हर्स. शाळा, क्लब आणि अकॅडमीच्या संघांसाठी. मुलीही संघात खेळू शकतात, जन्मतारखेची अट तीच.
>
> एंट्री फी: ५,००० रुपये प्रति संघ (जास्तीत जास्त १५ खेळाडू). हरलेल्या संघांसाठी प्लेट. प्रत्येक संघाला किमान दोन सामने.
>
> प्रत्येक गटात आठ संघ. पैसे जमा झाल्याच्या क्रमाने प्रवेश, त्यानंतरचे संघ प्रतीक्षा यादीत. पैसे क्लबच्या खात्याच्या क्यूआरवरच भरा; शेऱ्यात संघाचं नाव आणि गट लिहा.
>
> जन्माचा मूळ दाखला पहिल्या सामन्याआधी तंबूत दाखवावा लागेल. दाखल्याचा फोटो पाठवू नका. आधार कार्ड जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालणार नाही.
>
> ड्रॉ: रविवार, ३ मे. ड्रॉनंतर माघार घेतल्यास फी परत नाही. फॉर्मची लिंक प्रोफाइलमध्ये.

१० एप्रिल, शुक्रवार

फोन येतायत, पण वयावरचे थोडेच. बहुतेक जण जन्मतारीख वाचूनच फोन करतात आणि ‘माझा मुलगा १६ मध्ये जातो, त्या गटात कुठल्या संघाला खेळाडू हवाय का?’ असं विचारतात. हा प्रश्न कॅप्शनमध्ये धरलाच नव्हता, कारण प्रवेश संघांना आहे. सरांनी अशा मुलांची एक वही सुरू केली आहे, ज्या संघात जागा असेल तिथे नाव देतात.

एका शिक्षकांनी पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट पाठवला, पण खात्यात पैसे दिसेनात. व्यवहार त्यांच्याकडे प्रलंबित होता, दुसऱ्या दिवशी जमा झाला. क्रम जमा झालेल्या दिवसाचाच धरला आणि त्यांना तसं सांगितलं. त्यांनी मान्य केलं, कारण ‘जमा झाल्याच्या क्रमाने’ हे त्यांनी वाचलं होतं.

२१ एप्रिल, मंगळवार

१४ चा गट भरला. पोस्टखाली पहिली टिप्पणी आणि कॅप्शनची पहिली ओळ दोन्हीकडे लिहिलं: ‘१४ खालील गट पूर्ण, आता प्रतीक्षा यादी, १६ खालील गटात अजून जागा.’

२६ एप्रिल, रविवार

काल सहा वाजता नोंदणी बंद केली. १४ मध्ये आठ संघ, दोन प्रतीक्षेत. १६ मध्ये सातच. सव्वासहाला एका क्लबचा फोन आला, आठवे म्हणून घ्या म्हणाले. सेक्रेटरींनी नाही म्हटलं. सहाची वेळ पाळणाऱ्या सात संघांना ते सांगता आलं नसतं.

सात संघांमुळे एका संघाला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते. तो संघ सरळ सेमीत जातो आणि तिथे हरला तर त्याचा एकच सामना होतो. कॅप्शनमध्ये आपण दोन सामने लिहून दिले आहेत. म्हणून १६ च्या गटात सेमी हरलेल्या दोन संघांचा तिसऱ्या क्रमांकाचा सामना घ्यायचा. प्लेटमध्ये तीन संघ उरतात, त्यातला एक सरळ प्लेटच्या फायनलला, म्हणजे त्याचेही दोन होतात. कपचे सहा, प्लेटचे दोन आणि हा एक, असे नऊ सामने. खर्च ३६,०००, जमा ३५,०००. वरचे हजार क्लब घालणार आहे. वीसऐवजी एकोणीस सामने झाल्यामुळे २० मेची दुपारची वेळ मोकळी झाली. ती राखीव म्हणून ठेवली आहे. ड्रॉच्या चिठ्ठ्या उद्या करायच्या.